हजेरीच्या वेळी अडकणारा मुलगा: वर्गात काय करावं?

पाटी_पेन्सिल

नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत मराठी शिकवते. यंदा सातवीची वर्गशिक्षिका आहे. वर्गात एक मुलगा बोलताना अडखळतो. त्याला इथे केदार म्हणू. नाव बदललंय, पण पहिलं अक्षर 'क'च ठेवलंय, कारण त्याची खरी अडचण तिथेच आहे.

तो कसा बोलतो ते लिहून दाखवते. टिंबं म्हणजे आवाजच नाही. तोंड किंचित उघडं, मान पुढे, डोळे मिटलेले.

हजेरीत त्याचा नंबर २३. मी १९ म्हटलं की त्याचा अंगठा बाकाच्या कडेवर घासायला लागतो. २३ म्हटलं की:

"(……) ह (…) ह-हजर."

पहिल्या टिंबांनाच मी २४ म्हणून मोकळी होईन की काय, अशी भीती त्याच्या चेहऱ्यावर असते. कधी कधी तो "येस मॅडम" म्हणून सुटतो. बाकी सगळे "हजर" म्हणतात.

वाचताना वेगळंच. "श्श्श्शेतकरी सकाळी लवकर उठून ब-ब-बैलांना (…) प-पाणी पाजतो." मधले शब्द अगदी सरळ जातात. वाक्य सुरू करणं आणि काही ठरावीक अक्षरं, एवढ्यावरच गाडी थांबते.

आणि आता कोडं. परिपाठात प्रतिज्ञा सगळ्यांबरोबर म्हणतो तेव्हा एकदाही अडत नाही. "सारे भारतीय माझे बांधव आहेत" हे त्याच्या आवाजात मला शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येतं. दोन मिनिटांनी त्याच जागी उभा राहून आजचा सुविचार सांग म्हटलं की बंद.

प्रश्न विचारला की पटकन "माहीत नाही" म्हणतो. हे दोन शब्द मात्र स्वच्छ येतात. त्याच प्रश्नाचं उत्तर घटक चाचणीत बरोबर लिहिलेलं असतं.

बाकीच्यांचं सांगायचं तर विज्ञानाचे सर त्याला उठवतच नाहीत, 'बिचाऱ्याला कशाला त्रास' म्हणून. पुढच्या बाकावरची एक मुलगी मायेने त्याचे शब्द पूर्ण करते, आणि निम्म्या वेळा चुकीचे करते. मधल्या सुट्टीत एक जण त्याची नक्कल करतो. त्याच्या शेजारी बसणारा मुलगा काहीच करत नाही, वहीत समास आखत थांबतो. केदार सगळ्यात जास्त बोलतो तो त्याच्याशीच.

मला दोन गोष्टी विचारायच्यात. हजेरी आणि प्रकटवाचन यातून त्याला सूट द्यावी का? आणि शब्द पूर्ण करणाऱ्यांना कसं थांबवावं?

---

तानपुरा

मॅडम, उत्तर तुम्हीच लिहिलंय! प्रतिज्ञेत अडत नाही, म्हणजे लयीत बोललं की दोष जातो. मी संगीत शिकवतो. माझ्याकडे असा एक मुलगा होता, गाताना कधीही अडला नाही. याला मांडीवर हलका ताल धरून बोलायला शिकवा, एकेका मात्रेवर एकेक अक्षर. ह-जर, दोन मात्रा. दोन महिन्यांत फरक दिसेल. शिवाय रोज प्राणायाम, आणि बोलण्याआधी एक दीर्घ श्वास.

---

सुमनआजी

माझा नातू साडेतीन वर्षांचा आहे. तोही असाच तोतरं बोलतो. राम म्हणायचं तर लाम म्हणतो, गाडीला दादी म्हणतो. सून म्हणते डॉक्टरला दाखवू. मी म्हणते वेखंड उगाळून चाटवा. आमच्या सगळ्या मुलांना दिलंय. या मॅडमनी मुलाला दिलंय का वेखंड?

---

रोखठोक

सूट अजिबात देऊ नका. जग सूट देत नाही. उद्या मुलाखतीला काय हात वर करणार आहे का? रोज सगळ्यांसमोर उभं करून वाचायला लावा, भीती मोडते. आणि नक्कल करणाऱ्याला दोन ठेवून द्या, विषय संपला.

---

स्वरयंत्र

मी वाचा उपचार तज्ज्ञ आहे, बरीच वर्षं शाळकरी मुलांबरोबर काम करते. मॅडम, तुम्ही लिहिलंय तसं निरीक्षण आमच्याकडे येणाऱ्या कागदांतही क्वचित असतं.

आधी सुमनआजी. तुमच्या नातवाचं प्रकरण वेगळं आहे. र च्या जागी ल, ग च्या जागी द हे अक्षर बदलून येणं आहे. त्या वयात पुष्कळ मुलांचं असतं आणि बऱ्याच जणांचं आपोआप सुधारतं. तो अडत नाहीये, तो बोबडं बोलतोय. तरी एकदा ऐकण्याची तपासणी करून घ्या, सूनबाईंचं बरोबर आहे. वेखंड राहू द्या.

आता केदार. त्याचं अडणं तीन प्रकारचं दिसतंय. ब-ब-ब ही पुनरावृत्ती, श्श्श हे ताणलं जाणं, आणि टिंबं म्हणजे आवाजच बंद. बघणाऱ्याला पुनरावृत्ती जास्त जाणवते, पण मुलाला सगळ्यात जड जातो तो तिसरा प्रकार. आतून तो पूर्ण जोर लावत असतो आणि बाहेर काहीच येत नाही. डोळे मिटणं, मान पुढे जाणं, अंगठा घासणं हे मूळ अडखळणं नव्हे. सुटण्यासाठी कधीतरी केलेली धडपड चिकटून राहिलेली आहे.

"माहीत नाही" हे महत्त्वाचं आहे. तो उत्तर टाळत नाही, शब्द टाळतोय. दुकानातही असंच करत असेल. त्याच्या आईला विचारून बघा.

तानपुरा, तुम्ही सांगितलेला परिणाम खरा आहे. बरोबरीने बोलताना, गाताना, ठेक्यावर बोलताना अडखळणारे बहुतेक सगळे जण सरळ बोलतात. हे खूप जुनं निरीक्षण आहे. पण ठेका थांबला की अडखळणं परत येतं. आणि आयुष्यभर एकेका मात्रेवर एकेक अक्षर बोलायला कुठलाही बारा वर्षांचा मुलगा तयार होत नाही, कारण ते अडखळण्यापेक्षा विचित्र ऐकू येतं. दीर्घ श्वासाचं तर मी रोज बघते. मुलगा छाती भरून श्वास घेतो, तो धरून ठेवतो, गळा आवळतो आणि मग त्या आवळलेल्या गळ्यातून 'ह' काढायला जातो. आधी एक अडचण होती, आता दोन झाल्या.

---

कंदील

नुसता वाचक आहे इथे, आज पहिल्यांदा लिहितोय. वय ४१, सहकारी बँकेत आहे, लहानपणापासून अडखळतो. आजही.

स्वरयंत्र यांनी दुकानाचं विचारलं म्हणून सांगतो. मी सोलापूरला कॉलेजात होतो, घर मोहोळला. एसटीत कंडक्टर समोर आला की म्म्म्म… तो "कुठं? कुठं?" करायचा, मागचे हसायचे. मग मी पंढरपूरचं तिकीट काढायचो आणि मोहोळला उतरायचो. प नीट यायचा तेव्हा. जास्तीचे पैसे घरी कधी सांगितले नाहीत. पुढे प पण अडायला लागला, कारण ज्या शब्दाच्या आड लपाल त्याचीही भीती बसते.

रोखठोक, मला आठवीत एका शिक्षकांनी तुमच्याच पद्धतीने रोज उभं केलं होतं. भीती मोडली नाही. मी मराठीच्या तासाला पोट दुखतंय म्हणून घरी थांबायला शिकलो.

पण मॅडम, पूर्ण सूटही देऊ नका. दुसऱ्या एका बाईंनी मला वर्षभर एकदाही उठवलं नाही. त्या फार चांगल्या होत्या. वर्षाअखेर वर्गाला माझा आवाज कसा आहे हेच माहीत नव्हतं.

---

रोखठोक

कंदील, तुम्हाला दुखवायचा हेतू नव्हता. पण मग सूट द्यायची की नाही? एक काहीतरी सांगा.

---

स्वरयंत्र

त्यालाच विचारायचं. वर्गात नाही, एकट्याला, आणि घाई नसताना. बारा वर्षांच्या मुलाला बरोबर माहीत असतं की त्याला काय झेपतं. त्याला आजवर कुणी विचारलेलं नसतं इतकंच.

विचारताना एक लक्षात ठेवा. तो अडला की नजर काढून घेऊ नका आणि रोखूनही बघू नका. कुणाशीही बोलताना बघतो तसं बघा. शब्द सुचवू नका. "सावकाश", "घाबरू नकोस" नको. आणि तो बोलून झाल्यावर तुम्ही लगेच धाडकन बोलू नका, क्षणभर थांबून उत्तर द्या. समोरचा संथ असला की त्याच्यावरची घाई कमी होते. सल्ला देऊन ती होत नाही.

---

पाटी_पेन्सिल

बोलले त्याच्याशी. शाळा सुटल्यावर ग्रंथालयाची पुस्तकं लावायला थांबवलं होतं, त्याचा शेजारीही होता. जसं आठवतं तसं लिहिते.

"वाचायला उठवू की नको, तुला काय बरं वाटतं?"

"उ-उठवा." मग बराच वेळ पुस्तकांच्या पाठी बघत राहिला. "प-पण (…) पहिलं उठवा. म्म्मग माझा नंबर येईस्तोवर (…) ब-बसावं लागत नाही."

"आणि हजेरीला?"

"ह-ह (……)" इथे मी गप्प राहिले. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज ऐकू येत होता. शेजारच्याने पुस्तकावरची धूळ झटकली, वर बघितलंही नाही. "हजेरीला तुम्ही प-पुढे जाता. म-मी बोलत असताना."

हे मला लागलं नाही म्हटलं तर खोटं होईल. पण काम सोपं आहे. आता २३ नंतर मी थांबते.

शब्द पूर्ण करणाऱ्या मुलीबद्दल विचारलं तर हसला. "ती च-चांगली आहे. पण मला 'कावळा' म्हणायचं असतं, ती (…) 'क-कबूतर' म्हणते. मग मी कबूतरच म-म्हणतो."

आईलाही भेटले. दुकानाचा अंदाज बरोबर निघाला. कोथिंबीर आणायला पाठवलं की मिरच्या घेऊन येतो आणि कोथिंबीर संपली होती म्हणतो. आईला वाटायचं लक्ष नाही याचं.

आणखी एक. त्याचा मामाही अडखळतो. घरात सगळे म्हणतात, लहानपणी मामाची नक्कल केली म्हणून लागलं. आईने त्या पायी भावाकडे मुलाला पाठवणंच बंद केलंय.

---

स्वरयंत्र

मामाकडे पाठवायला सांगा! नक्कल करून हे लागत नाही. घराण्यात असतं, रक्ताच्या नात्यांत जास्त आढळतं आणि मुलग्यांमध्ये जास्त टिकतं. मामाला आहे आणि भाच्याला आहे, याचा अर्थ एवढाच. २०१० मध्ये काही कुटुंबांच्या अभ्यासातून याच्याशी जोडलेली जनुकंही सापडली, पण तेवढ्याने प्रत्येकाचं कोडं सुटत नाही. घाबरल्याने, कुत्रा भुंकल्याने, आई रागावल्याने अडखळणं सुरू होत नाही. आहे ते त्या वेळी वाढतं, एवढं खरं.

त्याच्या घरात एक मोठा माणूस अडखळत बोलून संसार चालवतोय आणि मुलाला त्याच्यापासूनच लांब ठेवलंय, हे मला औषधांपेक्षा जास्त खुपतं.

---

तानपुरा

मान्य, ठेक्यावर आयुष्य काढता येत नाही. पण निदान वाचताना जोडीने वाचायला काय हरकत आहे? समूहगान जमतं तर द्वंद्वगीतही जमेल.

---

स्वरयंत्र

काहीच हरकत नाही, चांगली सूचना आहे. फक्त त्याच्या एकट्यासाठी नको. सगळ्या वर्गाला दोघादोघांत वाचायला लावा. पहिल्या दोन ओळी दोघांनी, पुढे एकाने थांबायचं आणि दुसऱ्याने सुरू ठेवायचं. जोडीदार थांबला की केदार अडेल, हे आधीच गृहीत धरा. उद्देश अडू नये हा नाही. सुरुवातीचा डोंगर उतरावा आणि त्याचा आवाज वर्गात असावा, एवढाच आहे.

---

पाटी_पेन्सिल

दिवसाआड जोडवाचन चालू केलंय. पहिल्या आठवड्यात मी हुरळले होते. दुसऱ्या आठवड्यात सगळं उलटं. आधी जे शब्द सहज यायचे तेही अडायला लागले. "त-त-तळ्यात" ला इतका वेळ गेला की मागून एकाने मोठ्याने उसासा टाकला. केदार खाली बसला नाही, पण उरलेला परिच्छेद पुटपुटत संपवला. माझं काही चुकतंय का? मी तर रोज त्याला शाबासकी देत होते.

---

कंदील

कशाबद्दल शाबासकी देता, मॅडम? "आज अजिबात अडला नाहीस" असं?

---

पाटी_पेन्सिल

हो, असंच काहीसं.

---

कंदील

मग दुसऱ्या दिवशी तो अडला की त्याने तुम्हाला निराश केलं, असा अर्थ होतो. माझी आत्या अशी कौतुक करायची. मी तिच्याकडे गेलो की कमीत कमी बोलायचो, म्हणजे तिचा आनंद टिकायचा.

जे वाचलं त्याबद्दल बोला. 'तळ्याचं वर्णन तुला कसं वाटलं' असं विचारा. इतर पोरांना विचारता तसं.

---

स्वरयंत्र

कंदीलशी सहमत. शिवाय चढउतार हा या गोष्टीचा स्वभावच आहे. काही आठवडे बरे, काही वाईट, आणि पुष्कळदा कारण सापडत नाही. म्हणून एका दिवसाच्या ऐकण्यावरून आम्ही काही ठरवत नाही. वाचन, गप्पा आणि फोन असं तिन्ही वेगवेगळ्या दिवशी ऐकतो, किती अक्षरांत किती वेळा अडला ते मोजतो. आणि तितकंच महत्त्वाचं म्हणजे त्याने काय काय टाळलं ते विचारतो. टाळणं कमी झालं की कधी कधी अडखळणं वाढल्यासारखं दिसतं, कारण मिरच्या आणणारा मुलगा आता कोथिंबीर मागायला लागलेला असतो.

---

पाटी_पेन्सिल

आज खेळाच्या तासाला मैदानावर होते. केदार चढाईला गेला. "कबड्डी कबड्डी कबड्डी कबड्डी", एका दमात, पाय टाकत, दोन गडी बाद करून परत. क वर एकदाही अडला नाही! तोच क, जो स्वतःच्या नावात त्याला उभा धरून ठेवतो. परत आल्यावर पंचाचं काम करणाऱ्या मुलाने नाव विचारलं, गुण लिहायला. "(……) क (…)" शेवटी शेजाऱ्याने नाही, त्याने स्वतःच वहीत लिहिलं.

मी बघतच राहिले. हे काय आहे?

---

तानपुरा

लय! मी काय सांगत होतो!

---

स्वरयंत्र

लय आहेच. पुढची सुरुवात कधी करायची हे पायाचा ठेका ठरवून देतो, त्याला ठरवावं लागत नाही. पण आणखी एक आहे. 'कबड्डी' म्हणताना तो कुणाला काही सांगत नसतो. कुणी उत्तराची वाट बघत नसतं. नाव सांगताना मात्र समोरचा थांबलेला असतो, आणि नावाला दुसरा शब्द नसतो. कावळ्याचं कबूतर करता येतं, केदारचं काही करता येत नाही. म्हणून अडखळणाऱ्या खूप लोकांना स्वतःचं नावच सगळ्यात जड जातं.

यातून एक गोष्ट पक्की कळते. त्याची जीभ, टाळू, ओठ ठणठणीत आहेत. जी जीभ धावत धावत शंभर वेळा क म्हणते तिच्यात दोष नाही.

---

पाटी_पेन्सिल

बरं झालं हे लिहिलंत. कारण आईचा फोन आला होता. तालुक्याच्या गावी एक जण जिभेखालची तार कापून देतो म्हणतोय. दिवाळीच्या सुट्टीत करायचं घरी ठरत आलंय. शेजारच्या कुणाच्या मुलाला गुण आला म्हणे. शिवाय अक्कलकारा मधात घालून जिभेला चोळणं रोज चालूच आहे. काय सांगू त्यांना?

---

स्वरयंत्र

तार आखूड असेल तर जिभेचं टोक वर उचलत नाही. मग ळ, ट, ड ही अक्षरं बिघडतात, लहान बाळांना दूध ओढायला त्रास होतो. ती अडचण असेल तर कापण्याचा उपयोग होतो. अडखळण्याशी तिचा संबंध नाही. आईंसमोर केदारला 'बाळाची टोपली' म्हणायला सांगा. अडला तरी चालेल, पण ळ आणि ट आले की ते स्वच्छ येतात का तेवढं ऐका. 'कबड्डी'तला ड तर तुम्ही ऐकलाच आहे.

शेजारच्या मुलाला गुण आला यात खोटं नसेलही. दोन ते पाच वर्षांच्या वयात सुरू होणारं अडखळणं बऱ्याच मुलांचं आपोआप जातं. त्या काळात जे केलं असेल त्याला श्रेय मिळतं, मग ते वेखंड असो, तार असो की शंखातलं पाणी. केदार बारा वर्षांचा आहे. या वयापर्यंत राहिलेलं सहसा पूर्ण जात नाही.

अक्कलकाऱ्याने जीभ चुरचुरते, लाळ सुटते. त्यापलीकडे काही नाही. पण रोज सकाळी कुणीतरी तुमच्या जिभेला काहीतरी चोळतंय, याचा मुलाला काय अर्थ लागत असेल तो विचार करा.

---

सुमनआजी

आमच्या वेळी सगळ्यांना चोळायचे. पण हे वाचून वाटतं, त्या पोराला एकदा विचारावं नको वाटतं का म्हणून. नातवाची कानाची तपासणी पुढच्या आठवड्यात आहे.

---

रोखठोक

मग तज्ज्ञांकडे जाऊन होतं काय? तार नको, औषध नको, ठेका नको, श्वास नको. बरा कधी होणार ते सांगा.

---

स्वरयंत्र

सरळ प्रश्न, सरळ उत्तर. पूर्ण बरा करतो अशी हमी कुणी दिली तर फी देऊ नका.

आम्ही काय करतो ते सांगते. समजा तो 'केदार' वर अडला. आज तो जोर लावून दार ढकलतो. आम्ही शिकवतो की अडलास तिथेच थांब, जीभ टाळ्याला कुठे चिकटलीय ते ओळख, पळू नकोस, मग तो दाब हळूहळू सैल कर आणि तिथून पुढच्या स्वरावर सरक. अडणं राहतं, त्यातली झटापट कमी होते. दुसरं म्हणजे मुद्दाम अडायचं, ठरवून, हलकेच. मुलांना याचं आधी हसू येतं. ज्याची भीती वाटते ते आपल्याच हातात आलं की डोळे मिटणं, मान ओढणं गळायला लागतं. हे आधी माझ्याशी, मग आईशी, मग मित्राशी, मग दुकानात, आणि वर्ग सगळ्यात शेवटी. महिनोन् महिने जातात. काहींना खूप उपयोग होतो, काहींना थोडा.

---

कंदील

आणि काहींना नाही. मी विशीत दोन ठिकाणी गेलो. खोलीत सगळं जमायचं, जिन्यावर संपायचं. मला खरा फरक पडला तो माझ्यासारख्या लोकांत बसल्यावर. दि इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन म्हणून संस्था आहे, २००८ पासूनची, अडखळणाऱ्यांनीच चालवलेली. तिच्या स्वमदत गटात पहिल्यांदा पाहिलं की एक माणूस अर्धा मिनिट एका शब्दावर थांबलाय आणि खोलीत कुणालाही त्याचं काही वाटत नाहीये. त्यानंतर मी मोहोळचं तिकीट मोहोळच म्हणून काढायला लागलो. म्म्म्म करत. कंडक्टर थांबतो, थांबावंच लागतं त्याला.

म्हणून मला वाटतं, मुलाला 'सुधारायला' पाठवण्याआधी ही गोष्ट भेटावी.

---

स्वरयंत्र

आधी का नंतर, यावर आपलं जमणार नाही बहुतेक. शाळकरी वयात शिकलेली सुटका पुढे खूप कामाला येते, हे मी बघितलंय. पण खोलीत जमतं आणि जिन्यावर संपतं, हा आरोप खरा आहे. आमच्यातल्या कित्येकांनी जिन्यावर जायचंच टाळलं.

मॅडम, जवळचा मार्ग म्हणजे जिल्हा रुग्णालयात वाचा उपचार तज्ज्ञ आहे का ते विचारणं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा तुमच्या शाळेत येतं, त्यांच्याकरवी चिठ्ठी मिळू शकते. मुंबईत यायची तयारी असेल तर वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, १९८३ पासून याच कामात.

---

पाटी_पेन्सिल

बरेच दिवसांनी धागा वर काढतेय. राहिलेल्या गोष्टी सांगते.

तार कापणं पुढे ढकललंय. रद्द केलंय असं आई म्हणत नाही. 'बाळाची टोपली' तिने माझ्यासमोर म्हणवून घेतलं, "(…) बा-बाळाची टोपली", ळ एकदम स्वच्छ. तरी "बघू" म्हणाली. जिल्हा रुग्णालयातली तारीख दिवाळीनंतरची मिळालीय. बरोबर मामा जाणार आहे. शाळेत येऊन गेला तो. त्याने स्वतःचं नाव सांगायला वेळ घेतला आणि केदार त्याच्याकडे मान वाकडी करून नीट बघत होता.

नक्कल करणाऱ्याशी एकट्याशी बोलले. वर्गात थांबलंय, मैदानावर अधूनमधून चालतं, असं शेजाऱ्याकडून कळलं. वर्गाला काही सांगू का, असं केदारला विचारलं तर म्हणाला, "न-नको. (…) मग सगळे ब-बघतील." म्हणून नाही सांगितलं. यावर मला अजूनही खात्री नाही.

हजेरीला आता सगळ्यांना हजर, आहे, जय हिंद, काहीही म्हणायची मुभा आहे. तो काय म्हणतो ते रोज वेगळं असतं. परवा "ह (…) ह-ह-हजर" म्हणाला, येस मॅडम हाताशी असताना.

उद्यापासून तोंडी परीक्षा आहेत. प्रत्येकाला दोन मिनिटं. याला चार द्यावीत का?

---

कंदील

द्या. पण समोर घड्याळ धरून बसू नका.

---

रोखठोक

बाकीची मुलं म्हणतील आम्हाला का नाही चार. तेव्हा काय सांगणार?

---

पाटी_पेन्सिल

एकाने विचारलंच आहे. तोच, उसासा टाकणारा. "मॅडम, मला पण दोन मिनिटं पुरत नाहीत," म्हणाला. त्याला खरंच पुरत नाहीत, त्याचं पाठांतर कच्चं आहे. मुख्याध्यापकांना विचारते, सगळ्यांनाच चार मिनिटं दिली तर वेळापत्रकात बसतंय का.